भिशीचे पैसे कुणाच्या खात्यात आणि नोंद कुणाच्या वहीत

प्रश्न: बेळगावातल्या वडगावात आमच्या गल्लीत आम्ही बारा जणी महिना ३,००० रुपयांची भिशी चालवतो. आजवर सगळं रोखीत चालायचं. आता सगळ्यांना फोनवरून पाठवायचं आहे. पैसे आधी माझ्या खात्यात घेऊन मग जिचा नंबर तिला देऊ का? वही कशी ठेवू? आणि भिशी उचलून मध्येच कोणी हप्ता बंद केला तर?

उत्तर:

ताई, तुमच्या खात्यात घेऊ नका. रोखीच्या भिशीत सगळ्यांचे पैसे चालवणारीच्या पदरात पडतात आणि तासाभरात जिचा नंबर तिच्या हातात जातात, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. खात्याचं तसं नसतं. महिन्याला अकरा जणींचे मिळून ३३,००० म्हणजे वर्षाला जवळजवळ चार लाख रुपये तुमच्या नावावर येतील आणि जातील, आणि त्यातला तुमचा स्वतःचा वाटा किती, हे तुमच्या पासबुकावरून कुणालाच कळणार नाही. त्यातही मोठा धोका आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचा. तुमच्या खात्यावर एखाद्या कर्जाचा किंवा फोन हप्त्यावर घेतल्याचा मँडेट असेल आणि मागचा हप्ता थकलेला असेल, तर भिशीचे पैसे जमा होतात न होतात तोच तो हप्ता त्यातून कापला जातो. आमच्या ओळखीच्या एका भिशीत हेच झालं. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण संध्याकाळी जिला ३३,००० द्यायचे तिला देताना कमी पडले. पुढचे दोन महिने गल्लीत त्याच विषयावर कुजबुज चालली.

म्हणून अकरा जणींनी जिचा नंबर तिच्या खात्यात थेट पाठवायचं. तुम्ही पैशाला हात लावायचा नाही, तुमच्याकडे फक्त वही. भिशी चालवणारीचा मान याने कमी होत नाही, उलट कटकट कमी होते. मी सहकारी पतसंस्थेत कारकुनी केलेली बाई आहे, त्यामुळे पैसे आणि नोंद एकाच हातात असू नये हे माझ्या अंगात भिनलंय.

थेट पाठवायचं तर नंबरांचा क्रम आधी ठरलेला हवा. बऱ्याच ठिकाणी दर महिन्याला चिठ्ठी काढतात. त्यात मजा असते, चहा-पोह्यांचं निमित्तही होतं, पण त्याच दिवशी नवीन खातं, नवीन नंबर, घाईघाईत पाठवणं, असा सगळा गोंधळ होतो. मी बाराही चिठ्ठ्या पहिल्याच बैठकीला काढून घेते आणि क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. कुणाला जूनमध्ये शाळेच्या फीसाठी हवी असते, कुणाला गौरी-गणपतीच्या आधी. दोघींनी आपसात अदलाबदल केली तर त्या नोंदीखाली दोघींच्या सह्या घ्यायच्या. एक अट मात्र मी नेहमी घालते. यंदाच पहिल्यांदा आलेल्या, भाड्याने राहणाऱ्या किंवा वर्षभरात गाव सोडण्याची शक्यता असलेल्या सभासदांची चिठ्ठी शेवटच्या सहा महिन्यांतलीच काढायची. यात अपमान कसला नाही, पण हे सगळ्यांदेखत आणि सुरुवातीलाच सांगायचं.

आता खातं तपासण्याचं. जिचा नंबर येणार तिचं खातं निदान एक महिना आधी तपासा. आपल्याकडे बऱ्याच बायकांचं एकच खातं असतं, जन-धनचं किंवा कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे येतात ते. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, केवायसी पूर्ण आहे का. कागदपत्रं पूर्ण न देता उघडलेल्या छोट्या खात्यात शिल्लक ५०,००० च्या वर राहू शकत नाही, वर्षात एक लाखाहून जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाही. अशा खात्यात भिशी आली तर बाईच्या नावावर ३३,००० दिसतील, पण फी भरायला तिला दहाच हजार मिळतील. दुसरी, खातं झोपलेलं तर नाही ना. दोन वर्षांहून जास्त काळ खात्यात काहीच व्यवहार झाला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. तिसरी, त्यावर कसलं कर्ज थकलंय का. ते तिचं खासगी आहे, विचारायचं नाही. फक्त एवढं सांगायचं, 'वैनी, तुमच्या खात्यातून काही कापून जाणार असेल तर दुसरं खातं द्या.'

नावाचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. गल्लीत जिला आपण माहेरच्या किंवा लाडाच्या नावाने ओळखतो, तिचं बँकेतलं नाव वेगळंच असतं. कुठे माहेरचं आडनाव, कुठे नवऱ्याच्या नावाचं फक्त आद्याक्षर, कुठे कानडी उच्चाराप्रमाणे केलेलं इंग्रजी स्पेलिंग. यूपीआयवर पाठवताना पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते आता बँकेच्या नोंदीतलंच दिसतं, आपण फोनमध्ये ठेवलेलं नाही. म्हणून ते नाव पडद्यावर जसं दिसतं अगदी तसंच वहीत उतरवून ठेवा. खाते नंबर आणि आयएफएससी घालून एनईएफटी करणार असाल, तर तिथेही २०२५ पासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय आहे. नंबर येणारीला कुणीतरी आधी एक रुपया पाठवावा, तिने आपल्या फोनवर नाही तर पासबुकावर तो बघावा, आणि मगच बाकीच्यांना तो यूपीआय आयडी द्यावा.

हे एकदा झालं की तो आयडी त्या वर्षापुरता गोठवायचा. फसवणूक शिरते ती इथूनच. कुणाचं तरी व्हॉट्सअॅप दुसऱ्याच्या हातात जातं किंवा तिचा फोटो लावून नवा नंबर उघडला जातो, आणि ग्रुपवर निरोप येतो: 'माझं खातं बंद पडलंय, या महिन्याची भिशी खालच्या क्यूआरवर पाठवा.' कधी नंबरही तिचाच असतो, फोटो तर तिचाच असतो, आणि भिशीची तारीख जुन्या निरोपांवरून चोराला आधीच कळलेली असते. आमचा नियम साधा आहे: खातं बदलायचं तर बाईने स्वतः येऊन वहीत सही करायची. चार घरं पलीकडे राहणाऱ्या बायकांना हे अवघड नाही. गडहिंग्लज किंवा चंदगडला लग्न होऊन गेलेली एखादी सभासद असेल तर तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोला, तेही तुम्ही स्वतः तिच्या जुन्या नंबरावर लावून. तिच्याकडून आलेल्या कॉलवर विश्वास ठेवू नका.

पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही, हे सगळ्यांना एकदा नीट समजावून सांगा, विशेषतः वयस्क बायकांना. 'भिशी जमा करायची आहे, पिन टाका' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवायचा. आणि भिशीबाहेरच्या कुणाचेही पैसे तुमच्या किंवा कुणाच्याही खात्यातून फिरवू नका. 'अक्का, माझं खातं चालत नाही, तुमच्यात वीस हजार येतील, मला रोख द्या', असं कुणी ओळखीतलं म्हणालं तरी नाही. ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते, आणि त्यात तुमचे स्वतःचे पैसेही अडकतात. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० वर फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले तरच परत मिळण्याची आशा असते.

आता वही. सुटी पानं, फोनमधली नोट, कॅलेंडरवरच्या टिका, यांतलं काही चालणार नाही. शिवलेलं लाँग बुक घ्या, पानांना आधी नंबर घाला. आपल्या गल्ल्यांत मराठी आणि कानडी बायका एकत्र असतात, म्हणून आकडे इंग्रजी अंकांत लिहा. घाईत लिहिलेला मराठी १ दुसऱ्या कुणाला ९ वाटू शकतो. पहिल्या पानावरचे नियमही मराठी आणि कानडी दोन्हींत लिहा आणि बाराही सह्या घ्या.

त्यानंतर प्रत्येक महिन्याला एक पान. वर महिना आणि नंबर कुणाचा ते, खाली अकरा ओळी. प्रत्येक ओळीत पाठवणारीचं नाव, पैसे कुणाच्या खात्यातून गेले, तारीख, यूपीआयच्या बारा आकडी संदर्भ क्रमांकातले शेवटचे चार आकडे, आणि शेवटी दोन खाने: 'निघाले' आणि 'पोचले'. कुणाच्या खात्यातून गेले हा खाना फालतू वाटेल, पण तो सगळ्यात कामाचा आहे. निम्म्या बायकांचे हप्ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवरून जातात, आणि घेणारीच्या पासबुकात सभासदाचं नावच दिसत नाही. सहा महिन्यांनी 'मी पाठवले होते' आणि 'मला आले नाहीत' असा वाद झाला की तेव्हा तो खानाच उत्तर देतो.

'निघाले'ची टीक पाठवणारीच्या सांगण्यावर मारायची. 'पोचले'ची टीक मात्र घेणारीने स्वतः आपली शिल्लक बघून सांगितल्यावरच, ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. पैसे गेल्याची हुबेहूब खोटी चित्रं करता येतात, आणि खरा स्क्रीनशॉटही कधी मागच्या महिन्याचा असतो. पैसे कापले गेले पण पोचले नाहीत असं झालं, तर पुन्हा पाठवू नका. यूपीआय किंवा आयएमपीएसमध्ये अशी अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचं बंधन बँकेवर आहे. घाबरून दुसऱ्यांदा पाठवलं की मग दोन्ही पोचतात आणि तीन हजारांचा हिशेब दोन बायकांच्या मध्ये लोंबकळत राहतो. महिन्याचं पान भरलं की त्याचा फोटो ग्रुपवर टाका. मग वही जळो, भिजो, कुणी पान फाडो, बारा ठिकाणी नक्कल असते.

तारीख महिन्याच्या दहाची ठेवा. गृहलक्ष्मीचे दोन हजार कुठल्या तारखेला येतील याचा भरवसा नसतो, म्हणून 'ते आले की पाठवते' ही सबब पहिल्याच बैठकीला बंद करायची. ज्यांचा हप्ता त्यावरच अवलंबून आहे त्यांनी कमी रकमेच्या भिशीत जावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर दर महिन्याला एक ताळा करून बघायचा. भिशीत कुठल्याही क्षणी दोन गट असतात: उचललेल्या आणि वाट बघणाऱ्या. उचललेलीकडे जितके महिने उरलेत तितके हप्ते येणं असतं, वाट बघणारीने जितके महिने झाले तितके हप्ते भरलेले असतात. पाच महिने झाल्यावर पाहा. पाच जणींनी उचलली, प्रत्येकीकडे सात हप्ते म्हणजे २१,००० येणं, एकूण १,०५,०००. सात जणी वाट बघतात, प्रत्येकीने पाच हप्ते म्हणजे १५,००० भरलेत, एकूण १,०५,०००. दोन्ही बेरजा जुळल्या तर वही बरोबर आहे. नाही जुळल्या तर कुणाचा तरी हप्ता राहिलाय किंवा टीक चुकीची पडलीय, आणि ते त्याच महिन्यात सापडतं. ही बेरीज सहाव्या महिन्यानंतर सगळ्यात मोठी होते, सहा जणी गुणिले सहा हप्ते, १,०८,०००. भिशी बुडाली तर जास्तीत जास्त इतके पैसे धोक्यात, हे चालवणारीला माहीत असायला हवं.

आता तुमचा खरा प्रश्न, मध्येच हप्ता बंद झाला तर. आमच्याकडे झालेलं सांगते. तिसऱ्या महिन्याची भिशी घेतलेल्या बाईच्या नवऱ्याचं उद्यमबागेतलं काम सुटलं आणि सहाव्या महिन्यापासून तिचा हप्ता थांबला. तिच्याकडे सात हप्ते, म्हणजे २१,००० येणं. काहीच केलं नाही तर काय होतं? सहाव्या ते बाराव्या महिन्यातल्या सातही जणींना ३३,००० ऐवजी ३०,००० मिळतात. म्हणजे २१,००० चा सगळा खड्डा वाट बघणाऱ्या सात जणींच्या वाट्याला जातो आणि आधी उचललेल्या चौघी कोरड्या राहतात. चिठ्ठीत ज्यांचा नंबर उशिरा लागला त्यांनीच सोसायचं, हे मला पटत नाही. बिचाऱ्या आधीच महिनोन्महिने बिनव्याजी पैसे देत असतात.

आमच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं की तूट अकराही जणींनी वाटून घ्यायची. २१,००० भागिले ११, म्हणजे प्रत्येकी साधारण १,९०९. त्यासाठी वेगळा निधी गोळा करावा लागला नाही. आधी उचललेल्या चौघींनी सातही महिने ३,००० ऐवजी ३,२७५ पाठवले. त्यामुळे त्या महिन्याच्या बाईला ३०,००० वर १,१०० मिळून ३१,१०० पडले. चौघींचं नुकसान प्रत्येकी १,९२५, सात जणींचं १,९००. पंचवीस रुपयांचा फरक कुणी काढला नाही. दुसरा मार्ग जामिनाचा: प्रत्येक उचलणारीने वाट बघणाऱ्यांपैकी एकीला जामीन द्यायचं आणि तूट त्या जामिनाच्या भिशीतून वळती करायची. हिशेबाला सोपा, पण शेजार तुटतो. मी तो सुचवत नाही.

चालवणारीने पहिली भिशी घ्यायची, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामागे कारण आहे: ती बुडालेल्या हप्त्याची हमी देते आणि तिच्या हातात आधीच रक्कम असते. तुम्ही तसं करणार असाल तर हमी तुमचीच आहे, हे लिहून घ्या आणि त्यातले निदान सहा-सात हप्ते खर्च न करता मुदत ठेवीत ठेवा. हमी नको असेल तर तुमची चिठ्ठीही बाकीच्यांसारखीच निघू दे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते विचारलं जातंच. तुमच्यासारखी भिशी, जिथे प्रत्येकीला पाळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि मिळाल्यावरही हप्ते चालू राहतात, ती १९८२ च्या चिट फंड कायद्याच्या व्याख्येतून त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाने बाहेर ठेवलेली आहे. पण बोली लावून, कमी रकमेत उचलून, सूट वाटून घेण्याची भिशी म्हणजे चिट, आणि ती सरकारची परवानगी व नोंदणी नसताना चालवणं गुन्हा आहे. गल्लीतली असली तरी. आणि 'नंबर लागला की पुढचे हप्ते माफ' असली लकी ड्रॉ भिशी १९७८ च्या कायद्याने बंदच आहे. बोलीत पैसे जास्त सुटतात म्हणून पुढच्या वर्षी कुणी सुचवेल, तेव्हा हे आठवा.

हप्ता थांबवलेल्या बाईकडून त्याच आठवड्यात लिहून घ्या: अमुक महिन्याची भिशी घेतली, इतके हप्ते भरले, २१,००० देणं आहे, तारीख आणि सही. आमच्या बाईने महिना हजार रुपये कबूल केले. ते माझ्याकडे नाही, तर अकरा जणींपैकी पाळीने एकीच्या खात्यात थेट जात होते, पहिल्या फेरीत हजार आणि दुसऱ्या फेरीत ९०९. त्याच वहीत त्यासाठी वेगळं पान होतं. पैसे वसुलीचा दावा साधारणपणे देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो, आणि त्या मुदतीत सही करून देणं कबूल केलं तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मोजली जातात. म्हणून बारावा महिना संपला, सगळ्यांनी 'अकरा पाठवले, अकरा मिळाले' अशी सही केली, तरी वही रद्दीत घालू नका. कुणाचं बाकी राहिलं असेल तर शेवटच्या सहीपासून पुढे तीन वर्षं ती जपून ठेवा.